चालणाऱ्या आबांच्या मागे अक्षरं कशी न्यायची? (शॉटकटमध्ये)

सायली_कऱ्हाड

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या आबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. घरच्या कार्यक्रमात दाखवायला दहाएक मिनिटांचा व्हिडिओ करतेय. एडिटिंग मी पहिल्यांदाच करतेय, लॅपटॉपवर शॉटकट घेतलंय.

सुरुवातीसाठी एक शॉट मनासारखा मिळालाय. मोबाईल तिपाईवर, बांधाच्या खाली ठेवला होता. आबा डावीकडून उजवीकडे बांधावरून चालत जातात. मागे नुसतं आभाळ. अकरा सेकंदांची क्लिप आहे, ३० फ्रेमची. मला त्या आभाळात मोठ्या अक्षरांत 'पंच्याहत्तरी' हवंय, आणि आबा त्या अक्षरांच्या पुढून गेले पाहिजेत. म्हणजे अक्षरं त्यांच्या मागे.

आत्ता अक्षरं वरच्या ट्रॅकवर टाकली की ती आबांच्या तोंडावरच येतात. खालच्या ट्रॅकवर टाकली की दिसतच नाहीत. कुठे चुकतंय?

---

कडबोळी

सोपं आहे गं. क्लिपवर जाऊन `S` दाब, तिथे ती तुटते. आबा अक्षरांपाशी आले की तोड, पुढे गेले की पुन्हा तोड. मधल्या तुकड्यावर अक्षरं ठेवू नकोस. मी तरी असंच करते.

---

सायली_कऱ्हाड

ताई, त्याने क्लिपचे वेळेत तुकडे पडतात. मला एकाच चौकटीत अर्धं पुढे, अर्धं मागे हवंय. तुम्ही म्हणता तसं केलं तर आबा आले की अक्षरं गायबच होतील.

---

कडबोळी

अच्छा! मला वाटलं स्प्लिट म्हणजे तोडायचं. मग माझाही एक प्रश्न आहे स्प्लिट स्क्रीनचा, पण आधी तुझं होऊ दे.

---

रानवाट

मास्क वगैरेच्या भानगडीत पडू नका. अक्षरांच्या क्लिपला `Blend Mode` फिल्टर लावा आणि यादीतून `Darken` निवडा. अक्षरांना गडद रंग द्या, मरून वगैरे. या मोडमध्ये वरचं आणि खालचं यांतला जो रंग गडद, तो दिसतो. आभाळ उजळ, म्हणून तिथे अक्षरं दिसतील. माणूस गडद, म्हणून तिथे माणूसच दिसेल. अक्षरं आपोआप मागे गेल्यासारखी वाटतात. सूर्यास्ताच्या वेळचा शॉट असेल तर दोन मिनिटांचं काम.

---

सायली_कऱ्हाड

केलं. गंमत म्हणजे आबांचा चेहरा आणि हात अगदी बरोबर अक्षरांच्या पुढे आले! पण टोपी आणि सदरा पांढरे आहेत. टोपीवर 'हत्त' स्पष्ट उमटतंय, मरून रंगात. सदऱ्यावर तर अख्खं अक्षर वाचता येतंय.

---

रानवाट

हो, पांढऱ्या कपड्यांचा विचार मी केला नव्हता. सदऱ्याचा रंग थोडा गडद करून पाहा.

---

जुना_संकलक

रानवाट यांनी सांगितलेली युक्ती खरी आहे, पण ती छायाकृतीसाठी. माणूस सगळीकडून आभाळापेक्षा गडद असेल तरच चालते. सदरा इतका गडद करायचा की तो मरूनच्याही खाली जाईल, म्हणजे आबा कोळशाचे दिसायला लागतील. ते नको.

सायलीताई, मी कोल्हापुरात बरीच वर्षं लग्नाच्या कॅसेट आणि नंतर डीव्हीडी जुळवल्या. तुमचा शॉट ऐकून एक विचारतो. अक्षरं पहिल्यापासून आभाळात हवीत, की आबा जातील तशी त्यांच्या पाठीमागून उलगडत आली तर चालतील?

---

सायली_कऱ्हाड

काका, उलगडत आली तर उलट जास्त छान! पण ते आणखी अवघड असणार ना?

---

जुना_संकलक

उलट, निम्म्याहून सोपं होतं. का ते सांगतो.

अक्षरं पहिल्यापासून तिथे असतील तर आबांच्या दोन्ही कडा सांभाळाव्या लागतात, छातीकडची आणि पाठीकडची. त्यासाठी नेहमीची पद्धत म्हणजे तीन थर. खाली मूळ क्लिप, मध्ये अक्षरं, आणि सगळ्यात वर त्याच क्लिपची दुसरी प्रत, जिच्यातून फक्त आबा कापून घेतलेले. नाक, हनुवटी, हात, सगळं फ्रेमगणिक कापत बसायचं.

अक्षरं पाठीमागून उलगडणार असतील तर आबांच्या पुढे अक्षर नसतंच. म्हणजे नाक-हनुवटीची कड कापायची गरज संपली. फक्त पाठीची कड उरली. आणि मग तिसरा थरही नको. आबांना कापायचंच नाही, अक्षरांना कापायचं. अक्षरांवर एक आयताकृती मास्क ठेवायचा, त्याची उजवी कड आबांच्या पाठीला धरून पुढे सरकत जाईल. बघणाऱ्याला वाटतं अक्षरं आबांच्या मागून निघतायत. प्रत्यक्षात ती आबांपाशी येऊन थांबलेली असतात.

शॉटकटमध्ये असं करा. `Open Other` मधून `Text` घ्या, शब्द लिहा आणि ती क्लिप वरच्या ट्रॅकवर, मूळ क्लिपच्या डोक्यावर ठेवा. शब्द आबांच्या टोपीपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात बसवा, त्याच्या खाली उतरू देऊ नका. कोपराखाली हात मागे-पुढे झुलतो, पाय तर कात्रीसारखे चालतात, तिथे सरळ कड मिळत नाही. डोकं आणि खांदा मात्र जवळजवळ अखंड पुढे जातात.

मग त्या अक्षरांच्या क्लिपलाच `Mask: Simple Shape` लावा, आकार आयताचा. यादीत अक्षरांचा फिल्टर वर आणि मास्क खाली असू द्या. आयत भरपूर रुंद आणि उंच घ्या, डावीकडे चौकटीच्या बाहेर जाईल इतका. म्हणजे हलवायची फक्त एकच गोष्ट उरते, `Horizontal`. आबा थोडे वाकून चालत असतील तर `Rotation` ने कड पाठीच्या उतारासारखी तिरकी करून घ्या.

---

सायली_कऱ्हाड

काका, मास्क लावला आणि अक्षरांमागे भलामोठा काळा ठोकळा आला. आभाळच झाकलं गेलं.

---

जुना_संकलक

हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. मास्कमध्ये `Operation` म्हणून यादी आहे, ती मुळात `Overwrite` वर असते. त्याचा अर्थ, आयताच्या आत जे आहे ते सगळं ठळक कर. तुमच्या क्लिपमध्ये अक्षरांभोवती पारदर्शक जागा आहे, ती आतून काळी असते. तीही ठळक झाली. तिथे `Minimum` निवडा. मग अक्षरांची पारदर्शकता आणि मास्कची पारदर्शकता यांत जी कमी ती लागू होईल. आयताच्या आत अक्षरं दिसतील, रिकामी जागा रिकामीच राहील.

---

सायली_कऱ्हाड

गेला ठोकळा!! आता सरकवायचं कसं? पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर खूण केली, तर मध्ये कड कधी पाठीच्या मागे राहते, कधी आबांच्या कानापर्यंत घुसते.

---

जुना_संकलक

कारण माणूस गाडीसारखा एकसारखा सरकत नाही. पाऊल टेकलं की अंग किंचित थबकतं, मग पुढे झेपावतं. म्हणून कीफ्रेम ठरावीक अंतरावर टाकू नका, पावलांवर टाका.

`Horizontal` समोरच्या घड्याळावर क्लिक केलं की खाली `Keyframes` ची पट्टी दिसेल. बाणाच्या कळांनी एकेक फ्रेम पुढे जा. आबांचं पाऊल जमिनीला टेकलं की थांबा आणि आयत पाठीपर्यंत आणा. पुढचं पाऊल टेकलं की पुन्हा. सगळी पावलं झाली की दोन पावलांच्या बरोबर मध्ये एकेक टाका. किती पावलं आहेत अक्षरांच्या पट्ट्यात?

---

सायली_कऱ्हाड

मोजली. अक्षरांच्या पट्ट्यातून जायला साधारण पाच सेकंद लागतात आणि त्यात नऊ पावलं आहेत. हळू चालतात आता.

---

जुना_संकलक

म्हणजे दीडशे फ्रेमपैकी अठरा-एकोणीस ठिकाणी हात लावायचा. मधलं शॉटकट भरतो. कीफ्रेम `Linear` ठेवा. `Smooth` केल्यावर कड कधी कधी खुणेच्या पुढे जाऊन परत येते, आणि नेमकी तेव्हाच ती सदऱ्यावर चढते.

आणि एक लक्षात असू द्या. चूक करायची तर मागे राहून करा. कड पाठीपासून पाच-सहा पिक्सेल मागे राहिली तर कुणाला कळत नाही, आभाळाची एक बारीक फट दिसते इतकंच. तीच कड पाच पिक्सेल पुढे गेली तर अक्षर टोपीवर चढतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत येतं. मानेपाशी खळगा असतो, तिथे आयताची कड पोचणार नाही. तिथेही तसंच, खळग्यात अक्षर नसलं तरी बिघडत नाही.

---

निळी_शाई

मी व्हिडिओवाली नाही, अक्षरजुळणीचं काम करते. पण इथे एक देवनागरीची अडचण दिसते म्हणून लिहिते.

रोमन अक्षरांत प्रत्येक अक्षरानंतर फट असते, त्यामुळे कड थोडी हलली तरी ती फटीत लपते. आपल्याकडे शिरोरेखा सलग जाते. 'पंच्याहत्तरी'ची रेषा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत अखंड आहे, म्हणून कडेची प्रत्येक थरथर त्या रेषेच्या टोकावर दिसणार. शिवाय ती रेषा नेमकी आबांच्या टोपीच्या उंचीला आली तर आणखीनच. टोपीचा मागचा भाग गोलसर असतो. सायली, शिरोरेखा टोपीच्या वर आभाळात न्यायचा मोह होईल, पण मग ती डोक्याला भेटणारच नाही आणि मागे असल्याचा भास जाईल. रेषा कानाच्या उंचीला ठेवून बघ. तिथे डोक्याची मागची बाजू सर्वांत सरळ उभी असते.

फाँट जाड घे. मुक्त किंवा बलू, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे आहेत आणि मोफत मिळतात. मुक्तचं `ExtraBold` वजन घेतलंस तर अर्धवट उलगडलेलं अक्षरही भक्कम दिसतं. बारीक फाँटमध्ये अर्धा 'च्या' नुसत्या काड्यांसारखा दिसतो.

आणखी एक, अनुस्वार आणि वेलांटी शिरोरेखेच्या वर जातात. मास्कचा आयत उंचीला कमी पडला तर 'पं'वरचं टिंब कापलं जाईल आणि 'पच्याहत्तरी' होईल.

---

सायली_कऱ्हाड

ताई, टिंब खरंच कापलं गेलं होतं! माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आयत उंच केला. रेषा कानापाशी आणली, फाँट मुक्त घेतला. बराच फरक पडला.

---

मेपलचा_पार

टोरांटोहून. एवढी मेहनत कशाला म्हणतो मी. फोनवर काइनमास्टर घ्या, त्यात `Magic Remover` आहे. क्लिपची दुसरी प्रत लेयर म्हणून टाकायची, बटण दाबायचं, मागचं सगळं जातं आणि माणूस उरतो. मध्ये अक्षरं ठेवली की झालं. मुलाच्या वाढदिवसाला मी तसंच केलं होतं.

---

जुना_संकलक

करून बघायला हरकत नाही. जवळून घेतलेला, समोर तोंड करून उभा माणूस असेल तर चांगलं निघतं. त्रास होतो तो कडेला. प्रत्येक फ्रेमची कड स्वतंत्र ठरते, म्हणून चालत्या माणसाची बाह्यरेषा उकळत्या पाण्यासारखी हलते. तुमच्या मुलाच्या व्हिडिओत मागे काय होतं?

---

मेपलचा_पार

मागे फुगे आणि पडदा. कडा हलत होत्या हे खरं, पण गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. साध्या आभाळावर ते दिसेल हे पटतंय. मात्र अक्षरं आधीपासूनच हवी असतील तर तुमची पाठीची युक्ती चालणार नाही, बरोबर ना?

---

जुना_संकलक

बरोबर. तेव्हा दोन्ही कडा लागतात. तेव्हा मी तरी केडेनलाइव्हकडे जाईन, तेही मोफत आहे. त्यात `Rotoscoping` आहे, माणसाभोवती बिंदू टाकत हवा तसा आकार काढता येतो. आयत आणि लंबगोल यांत माणूस बसत नाही. तिथेही आख्खा माणूस कापायचा नाही. कंबरेखाली अक्षर नसेल तर कंबरेखाली बिंदू कसेही ठेवा, तिथली कड कुणाला दिसणारच नाही.

---

रानवाट

काका, लंबगोल घेऊन `Subtract` केलं तर? अक्षरांना डोक्याएवढं भोक पाडायचं आणि ते डोक्यासोबत हलवायचं. शॉटकटमध्येच होईल.

---

जुना_संकलक

होईल, पण टोपी आणि लंबगोल यांच्यामध्ये आभाळाची कडी दिसते, देवाच्या फोटोतल्या प्रभावळीसारखी. अक्षरं विरळ आणि डोकं लहान असेल तर खपून जातं. इथे अक्षरं जाड आहेत, तेव्हा मला खात्री नाही. करून बघा आणि सांगा.

---

कडबोळी

आता माझं विचारू का? मी स्वयंपाकघरात सासू आणि सून दोन्ही मीच, असा व्हिडिओ केलाय. फोन एकाच जागी ठेवून दोनदा शूट केलं. सासू डावीकडे ओट्यापाशी, सून उजवीकडे दारात. दोन क्लिप वरखाली ठेवून वरच्यावर आयताचा मास्क लावला. दोघी दिसतात, पण मध्ये उभी रेघ दिसते. एका बाजूची भिंत पिवळट, दुसरीकडची पांढरी.

---

जुना_संकलक

दोन शूटच्या मध्ये किती वेळ गेला?

---

कडबोळी

साडी बदलायला गेले, त्यात अर्धा तास.

---

जुना_संकलक

अर्ध्या तासात खिडकीचा उजेड बदलला. शिवाय फोन प्रत्येक वेळी उजेड आणि रंग नव्याने ठरवतो. पांढरी साडी समोर आली की तो सगळंच चित्र गडद करतो. पुन्हा शूट करणार असाल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस बांधला जातो, आणि मगच दोन्ही भाग घ्या. खिडकी बंद करून नुसत्या ट्यूबलाइटवर करा.

आहे तेच वापरायचं असेल तर शिवण जागा बघून टाका. तुम्ही ती मोकळ्या भिंतीवर टाकलीय, तिथे दोन रंग शेजारी येतात. दाराची चौकट आहे ना? मास्कची कड चौकटीच्या काठावर न्या. तिथे रंग बदलतोच, म्हणून डोळ्याला खटकत नाही. चौकट लेन्समुळे किंचित तिरकी दिसत असेल, तर मास्कही तेवढाच फिरवा.

---

कडबोळी

केलं! रेघ गेली. पण चौकटीजवळ कॅलेंडर आहे, ते अर्धंच हलतं. 😟

---

जुना_संकलक

पंखा चालू होता का?

---

कडबोळी

हो. डोंबिवलीत मे महिन्यात पंखा बंद करून शूट कोण करणार?

---

जुना_संकलक

मग शिवण कॅलेंडरच्या पलीकडे न्या, म्हणजे आख्खं कॅलेंडर एकाच क्लिपमधलं दिसेल. शिवणीवर हलणारी वस्तू नको, आणि तुमची सावलीही नको. सून बोलताना हात पुढे करते का ते एकदा शेवटपर्यंत बघा. हात शिवण ओलांडून गेला की मनगटापासून तुटतो.

---

सायली_कऱ्हाड

काका, माझी नवीन अडचण. अठरा कीफ्रेम टाकल्या. थांबवून एकेक बघितलं तर कड अगदी बरोबर. पण एक्स्पोर्ट केल्यावर शेवटच्या दोन सेकंदांत अक्षरं खांद्यावर चढतात. शॉटकटमध्ये बरोबर आणि फाइलमध्ये चूक, असं कसं?

---

जुना_संकलक

मोबाईलची क्लिप जशीच्या तशी टाकलीत का? उघडताना शॉटकटने बदलून घेण्याबद्दल काही विचारलं होतं का?

---

सायली_कऱ्हाड

हो, काहीतरी `Edit-friendly` विचारत होतं. मी नको म्हटलं, जागा कमी होती म्हणून.

---

जुना_संकलक

तिथेच आहे. मोबाईल दर सेकंदाला नेमक्या तीसच फ्रेम घेत नाही, कधी २९, कधी ३०, उजेड कमी झाला तर आणखी कमी. अशा क्लिपमध्ये तुम्ही थांबता ती फ्रेम आणि एक्स्पोर्टच्या वेळी त्या जागी येणारी फ्रेम एकच असेल याची हमी नसते. मास्क वेळेनुसार चालतो, आबा फ्रेमनुसार. जिथे फ्रेम मागेपुढे झाल्या तिथे कड पाठीवरून सुटते.

मूळ क्लिप निवडा, `Properties` मध्ये `Convert` आहे, त्यातून बदलून घ्या. फाइल मोठी होईल, त्याला इलाज नाही. मास्क अक्षरांवर आहे, आबांच्या क्लिपवर नाही, त्यामुळे तुमचं काम पुसलं जाणार नाही. शेवटच्या काही कीफ्रेम मात्र पुन्हा तपासाव्या लागतील.

---

सायली_कऱ्हाड

झालं काका!! शेवटच्या पाच कीफ्रेम सरकवल्या, आता एक्स्पोर्टमध्येही अक्षरं पाठीला धरून निघतात. आईला दाखवलं, ती म्हणाली, "पाटी कुणी धरली होती मागे?"

फक्त एका ठिकाणी अडलंय. आबांच्या खांद्यावर पंचा असतो. सातव्या पावलाला वारा आला आणि पंच्याचं टोक मागे उडालंय, साधारण वीस फ्रेम. तिथे 'त्त' पंच्यावर छापल्यासारखा दिसतो.

---

मेपलचा_पार

तेवढ्या वीस फ्रेमपुरती कड पंच्याच्या टोकाच्याही मागे थांबवायची.

---

सायली_कऱ्हाड

करून पाहिलं. मग खांदा आणि 'त्त' यांच्यात मोठी फट पडते, आणि पंचा खाली आला की अक्षर एकदम उडी मारून पुढे येतं.

---

रानवाट

पंचा कोणत्या रंगाचा आहे? गडद असेल तर तेवढ्या तुकड्यावर माझा `Darken` चालेल.

---

सायली_कऱ्हाड

लाल चौकड्यांचा. चौकडी गडद आहे, मधला भाग पांढरा.

---

निळी_शाई

'त्त' तिथून हलवता येईल का? शब्द थोडा डावीकडे घेतलास तर पंचा उडतो तेव्हा 'त्त' आधीच उलगडून झालेला असेल आणि कडेला 'री' येईल. 'र' आणि वेलांटीचा काना यांच्यामध्ये मोकळी जागा असते. पंचा तिथे आला तर अडवायला फक्त शिरोरेखा उरते.

---

जुना_संकलक

हे मला सुचलं नसतं. सायलीताई, आधी हेच करा. सगळ्या कीफ्रेम आहेत तशाच राहतील, कारण मास्क आबांना बांधलाय, अक्षरांना नाही. नाही जमलं तर त्या वीस फ्रेमसाठी अक्षरांवर दुसरा मास्क टाकू, `Subtract` करून पंच्याच्या टोकाएवढा त्रिकोण. आकारांत `Triangle` आहे. हाताने वीस वेळा हलवावा लागेल, पण वीसच.

---

सायली_कऱ्हाड

शब्द साठ पिक्सेल डावीकडे घेतला. आता पंचा 'री'च्या पोकळीत उडतो. शिरोरेखा तेवढी पंच्यावरून जाते, चार-पाच फ्रेम. आज रात्री त्रिकोण टाकून बघते. पोरं झोपली की.